ब्लाउज उलटा करून बघा

बालाघाटच्या लग्नघरात वारासिवनीची हातमागाची रेशमी साडी हमखास असते. 2023 मध्ये या साड्यांना भौगोलिक मानांकन मिळालं आणि गोंदिया-नागपूरकडच्या नातलगांची मागणी वाढली. साडी जवळच मिळते. खरी परीक्षा असते तिच्या ब्लाउजची, कारण साडीतून निघणारं ब्लाउजपीस जेमतेम ऐंशी सेंटिमीटरचं असतं. कात्री चुकली तर त्या रंगाचा, त्या काठाचा दुसरा तुकडा मिळत नाही.

माझ्या भाचीच्या लग्नासाठी आम्ही असाच एक ब्लाउज इथल्या एका बुटिकमध्ये टाकला. मास्टरांनी मापं अंगावरून घेतली, हे मला आवडलं. बरेच जण जुना ब्लाउज नमुन्याला मागतात. पण तो वापरून सैल झालेला असतो किंवा मधे कधीतरी उसवून वाढवलेला असतो, आणि त्याचे सगळे दोष नव्यात उतरतात. अस्तराला त्यांनी टू बाय टू रुबिया घेतलं आणि ते आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापलं. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं, वरचं रेशीम तितकं आटत नाही, आणि मग पाठीवर कायमच्या सुरकुत्या पडतात. दुकानात घालून पाहताना हा दोष दिसत नाही, म्हणून कापड देतानाच विचारून घ्यावं.

ट्रायलच्या वेळी ब्लाउज समोरून सुबक दिसला. भाचीला हात वर करायला सांगितला, तेव्हा दोन गोष्टी कळल्या. हुकांमध्ये फटी पडत होत्या आणि छातीपासून काखेकडे तिरप्या चुण्या ओढल्या जात होत्या. याचा अर्थ ब्लाउज छातीत आवळत होता. हात वर केल्यावर सगळा ब्लाउजच वर सरकला असता, तर दोष मुंढ्याचा ठरला असता. मुंढा जास्त खोल कापला की हात मोकळा होईल असं वाटतं, पण होतं उलट. मुंढा काखेच्या जितका जवळ, तितका हात सुटा फिरतो. खोल गेलेला मुंढा नंतर भरूनही काढता येत नाही, फार तर काखेत कळी जोडता येते आणि ती दिसते.

मी ब्लाउज उलटा करून मागितला. मास्टर म्हणाले, "दीदी, अंदर एक इंच छोड़ा है." खरंच, दोन्ही बाजूंना शिवणीच्या आत इंचभर माया होती. छातीचं माप छत्तीस, आणि तयार ब्लाउजही नेमका छत्तीसच भरत होता, श्वासाला जागाच नव्हती. एक इंच हवा होता. बाजूच्या शिवणी दोन, प्रत्येकीत पुढचा आणि पाठीचा असे दोन पदर, म्हणजे चार ठिकाणी पाव-पाव इंच सोडलं की पुरा इंच मिळतो. बाहीच्या तोंडापासून कमरेपर्यंत शिवण सलग असल्यामुळे बाहीतही तीच सूट देऊन तोंडाशी शून्यावर आणता आली.

रेशमात एक अडचण मात्र राहते. उसवलेल्या शिवणीची सुईची भोकं सुती कापडात धुतल्यावर मिटतात, रेशमात मिटत नाहीत. म्हणून रेशमी ब्लाउजची पहिली ट्रायल कच्च्या टाक्यावर व्हायला हवी. आमची पक्क्या शिलाईवर झाली. भोकांची ओळ काखेखाली आली, हाताआड झाकली गेली, एवढंच.

शिलाई तपासायला मी शिवण दोन्ही बाजूंनी हलकेच ताणून पाहिली. मधे दोरा दिसला नाही, टाका बारीक आणि सारखा होता, कडा ओव्हरलॉक केलेल्या होत्या. टक छातीच्या टोकाच्या इंचभर अलीकडे संपत होते, त्यामुळे टोकाशी चोच आली नव्हती. गळ्याला उरेब पट्टी होती, ती सपाट बसली होती.

तारीख मात्र पाळली गेली नाही. ब्लाउज लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हातात आला. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि सगळ्यांचे कपडे एकदम येऊन पडतात. मास्टर कापून मोकळे होतात, पण कापलेलं काम कारागिरांकडे पडून राहतं. पावतीवर फक्त डिलिव्हरीची तारीख असते. त्याऐवजी ट्रायलची तारीख लिहून घ्यावी, आणि ती कार्याच्या निदान आठवडाभर आधीची असावी. उसवून पुन्हा शिवायला तेवढा वेळ लागतो.

तरी या बुटिकचं नाव कुणी विचारलं तर मी सांगते, फक्त सोबत म्हणते, लग्नसराईच्या आधी जा. फिटिंग पहिल्या फटक्यात बसलं नव्हतं, पण दुरुस्तीला लागणारं कापड मास्टरांनी आत राखलं होतं आणि दुरुस्तीचे वेगळे पैसे मागितले नाहीत. पाव इंचाची माया सोडून बाकी कापून टाकणाऱ्या शिंप्याकडे पहिलं माप चुकलं की तिथेच सगळं संपतं.