हप्ता त्याचा, किराणा तिचा

दोघेही नोकरी करतात अशा शहरी घरात पैशाची एक वाटणी फार लवकर ठरून जाते, बहुतेकदा न बोलताच. फ्लॅटचा हप्ता नवऱ्याच्या पगारातून जातो. किराणा, दूध, भाजी, वीजबिल, कामवाल्या मावशींचा पगार, मुलांची फी आणि शाळेची बस बायकोच्या पगारातून. दोघेही घरासाठीच खर्च करतात, कोणी पैसे लपवत नाही, भांडणही नसतं. त्यामुळे ही वाटणी असमान आहे, असं वर्षानुवर्षं कोणाच्या मनातही येत नाही.

एक हिशेब मांडून पाहू. ठाण्यातल्या एका जोडप्याने बासष्ट लाखांचा फ्लॅट घेतला असं धरू. बारा लाख स्वतःचे घातले, त्यातले काही तिचे दागिने मोडून उभे केले. उरलेल्या पन्नास लाखांचं वीस वर्षांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतलं. महिन्याचा हप्ता साधारण 43,400 रुपये. त्याचा पगार 80,000, तिचा 45,000. हप्ता तो भरतो आणि ती घरखर्चाचे 33,000 उचलते. आकडा मोठा त्याचा आहे, म्हणून नातेवाइकांत ‘घर त्याने केलं’ असं बोललं जातं. प्रत्यक्षात तो पगारातला 54 टक्के भाग घरासाठी देतो आणि ती 73 टक्के. हाती उरणारे पैसेही त्याचे तिपटीहून जास्त आहेत. पुढे गाडी घ्यायची की शेअर्समध्ये गुंतवायचं, हे मग कोण ठरवणार ते उघड आहे.

दहा वर्षांनी काय दिसतं? त्याने 52 लाख भरलेले असतात. त्यातले पंधरा लाखच मुद्दलात गेले, बाकी व्याजात; तरीही त्याच्याकडे हप्त्यांची नोंद, व्याजाचा दाखला आणि किंमत वाढलेला फ्लॅट असतो. तिने याच काळात जवळपास चाळीस लाख खर्च केलेले असतात, आणि त्याचा एकही कागद नसतो. तिने किराणा भरला नसता तर त्याला हप्ता भरता आला नसता. पण किराण्याच्या पावत्यांवर मालकी मिळत नाही.

ही वाटणी पगाराच्या आकड्यांमुळे झालेली नसते. घर उभं करणं हे पुरुषाचं काम आणि ते चालवणं हे बाईचं, ही अपेक्षा तिच्या नोकरीच्या कितीतरी आधीपासूनची आहे. तिचा पगार सुरू झाला तरी अपेक्षा तीच राहिली. पूर्वी ती नवऱ्याने दिलेल्या पैशांत घर चालवायची, आता स्वतःच्या पैशांत चालवते. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॅन पाल यांनी 1989 साली ‘मनी अँड मॅरेज’ या पुस्तकात पैशाचा रोजचा कारभार आणि पैशावरचा ताबा या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. महिन्याचा खर्च कोण भागवतं हा कारभार झाला. कशासाठी किती ठेवायचं, कर्ज काढायचं का, हे ठरवणं म्हणजे ताबा. आपल्याकडे ‘सगळा पैसा बायकोच्या हातात असतो’ असं कौतुकाने सांगतात, तेव्हा बहुधा कारभाराबद्दलच बोलत असतात. आणि पैसे अपुरे पडतात त्या घरात कारभार म्हणजे अधिकार नसतो, ओढाताणीचं ओझं असतं.

त्या अपेक्षेचा भार नवऱ्यावरही पडतो, हे मान्य करायला हवं. हप्ता आपणच भरला पाहिजे असं मानणारा माणूस नोकरी गेली की आधी बायकोपासून लपवतो, पर्सनल लोन काढतो, क्रेडिट कार्डावर हप्ता ओढतो. तिला कळतं तेव्हा कर्ज दुप्पट झालेलं असतं.

संसार सुरळीत असेतो या सगळ्याचा त्रास जाणवत नाही. तो मोडला की कायदा समोर येतो. हिंदू जोडप्यांच्या बाबतीत आपल्या कायद्यात विवाहानंतर मिळवलेली मालमत्ता आपोआप दोघांची होत नाही. ज्याच्या नावावर ती त्याची. घटस्फोटात न्यायालय पोटगी ठरवू शकतं, पण नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरच्या फ्लॅटचा अर्धा वाटा पत्नीचा हक्क म्हणून मिळत नाही. 2023 साली मद्रास उच्च न्यायालयाने घर सांभाळणाऱ्या पत्नीचा मालमत्ता उभी करण्यात वाटा असतो, असं म्हणून एका प्रकरणात तिला समान हिस्सा मान्य केला. निकाल महत्त्वाचा आहे, पण तो एका उच्च न्यायालयाचा. देशभराचा कायदा त्याने बदललेला नाही.

शेजारच्या गोव्यात मात्र चित्र वेगळं आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक ठरते, आणि एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही. तिथल्या बाईला आपण किराणा भरला की हप्ता, हे सिद्ध करत बसावं लागत नाही.

महाराष्ट्रात कागदच पाहावा लागतो, आणि इथेच बऱ्याच जणींची फसगत होते. बँक पगाराची बेरीज वाढावी म्हणून पत्नीला सहकर्जदार करते. तिला वाटतं, घर आपलंही झालं. पण कर्जाच्या कागदावर सही असणं आणि खरेदीखतात नाव असणं, या निराळ्या गोष्टी आहेत. खरेदीखतात नाव नसेल तर कर्ज फेडण्याची जबाबदारी तिची आणि घर त्याचं. सोसायटीत सहयोगी सभासद म्हणून नाव लागल्यानेही मालकी येत नाही. नॉमिनी म्हणून लागल्यानेही नाही. तपासायचा असतो तो नोंदणी झालेला करार आणि त्याचा इंडेक्स टू. त्यात खरेदी घेणार म्हणून कोणाची नावं आहेत, हे स्पष्ट दिसतं.

उलट बाजूही आहे. महिलेच्या नावे घर घेतलं तर राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे बासष्ट लाखांवर बासष्ट हजार. ती मिळवण्यासाठी काही नवरे फ्लॅट बायकोच्या एकटीच्या नावावर घेतात. पण कुठला फ्लॅट, किती कर्ज, कधी विकायचा, हे तिला विचारत नाहीत. नाव आलं तरी निर्णय येतोच असं नाही.

ठाण्याच्या त्या जोडप्याला वाटणी बदलायची असेल तर हप्ता आणि घरखर्च मिळून 76,400 होतात. पगाराच्या प्रमाणात त्याने 48,900 आणि तिने 27,500 एका संयुक्त खात्यात भरायचे आणि दोन्ही खर्च तिथूनच करायचे. मग हप्त्यात तिचाही वाटा खात्याच्या उताऱ्यावर दिसतो, आणि दोघांच्याही हाती पगाराचा सारखाच, 39 टक्के भाग उरतो. तिची नोकरी बाळंतपणात थांबली तर प्रमाण नव्याने मांडावं लागेल; नाहीतर त्या काळात ती आपली बचत मोडत राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

घर आधीच त्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर बक्षीसपत्राने अर्धा हिस्सा पत्नीला देता येतो. राहत्या घरासाठी पती-पत्नींमधल्या बक्षीसपत्रावर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. कर्ज चालू असेल तर आधी बँकेची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि नोंदणीनंतर सोसायटीच्या भागदाखल्यावरही नाव चढवून घ्यावं लागतं.