बदलता व्याजदर स्थिर करताना

गृहकर्जाचा बदलता दर स्थिर करून मागण्यासाठी बँकेला लेखी अर्ज द्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये हा पर्याय देण्यास सांगितले. 2025 च्या दुरुस्तीनंतर तो देणे बँकेच्या मर्जीवर आहे. शुल्क मंजुरीपत्रात पाहावे.

समजा, 20 लाख रुपये बाकी आहेत आणि 15 वर्षे उरली आहेत. साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे 19,695 रुपये येतो, स्थिर दहा टक्क्यांनी 21,492. अर्धा टक्का शुल्क जीएसटीसह 11,800. म्हणजे बदलता दर दीड टक्क्याहून अधिक वाढून बराच काळ तिथे टिकला, तरच हा बदल परवडतो.

नव्या परतफेड-तक्त्यात मुदत गुपचूप वाढलेली नाही ना, आणि दर शेवटपर्यंत स्थिर आहे की काही वर्षांपुरताच, हे सहीपूर्वी तपासावे.