संवाद कधी ओसंडेल? टोकनांचा आगाऊ हिशेब

गेल्या भागात आपण पाहिले की भाषा-मॉडेलला आधीचे बोलणे आठवत नाही. आपण नवा प्रश्न टाकला की चॅटचे सॉफ्टवेअर पहिल्या ओळीपासूनचा सगळा संवाद पुन्हा एकदा मॉडेलपुढे ठेवते आणि मॉडेल तो नव्याने वाचून उत्तर देते. हे सगळे मावण्याची जी कमाल जागा, ती कॉन्टेक्स्ट विंडो. तिचे मोजमाप शब्दांत नाही, टोकनांत होते, आणि उत्तरही त्याच जागेत बसावे लागते. या भागाचा मुद्दा एवढाच आहे: चालू संवाद ही जागा कधी ओलांडेल हे आधी सांगता येते. मात्र त्यासाठी शब्द मोजून अदमास बांधणे सोडावे लागते आणि प्रत्येक फेरीला यंत्र स्वतः जो आकडा कळवते, त्याच्या वाढीकडे पाहावे लागते.

चाकण, महाळुंगे, भोसरी या पट्ट्यातल्या मशीन शॉपमध्ये हा प्रश्न जास्त बोचतो. वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्याला ग्राहकाचे ड्रॉइंग बाहेर जाऊ देता येत नाही, म्हणून मॉडेल स्वतःच्याच संगणकावर चालवणे सोयीचे ठरते. अशा संगणकावर विंडो लहान असते. त्यात एका रिजेक्शनचा शोध फर्स्ट शिफ्टला सुरू होतो आणि तोच संवाद सेकंड शिफ्टचा सुपरवायझर पुढे नेतो. जागा संपते ती बहुधा त्याच्या हातात, आणि गळते ते सकाळच्या माणसाने सुरुवातीला दिलेले: ड्रॉइंगवरचे माप, टॉलरन्स, मटेरियल.

शब्द मोजून का भागत नाही? इंग्रजीसाठी एक ढोबळ नियम सांगितला जातो, चार अक्षरांना एक टोकन. तो मराठीला लावला की हिशेब फसतो. संगणक अक्षरे बाइटमध्ये साठवतो. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येक वेगळे चिन्ह धरले जाते. 'स्पिंडल' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. संगणकाला तो स, हलन्त, प, इकार, अनुस्वार, ड, ल असा सात चिन्हांचा, म्हणजे एकवीस बाइटचा आहे. इंग्रजी 'spindle' सात बाइटचा. टोकन तयार करणारी यंत्रणा, म्हणजे टोकनायझर, वारंवार शेजारी येणारे बाइट जोडून मोठे तुकडे बनवते. ज्या भाषेचा मजकूर तिने भरपूर पाहिला, त्या भाषेचे अख्खे शब्द एका टोकनात जातात. जिचा कमी पाहिला, तिचे शब्द तुकड्यातुकड्यांत राहतात.

याचा पुरावा खुद्द ओपनएआयने २०२४च्या मे महिन्यात जीपीटी-४ओ आणताना दिला. एकच मजकूर निरनिराळ्या भाषांत लिहून जुन्या आणि नव्या टोकनायझरने मोजला होता. मराठीला जुन्याने ९६ टोकन लागत होते, नव्याने ३३. इंग्रजीला जुन्याने २७, नव्याने २४. म्हणजे तोच आशय मराठीत मांडायला जुन्या यंत्रणेत साडेतीनपट जागा जाई, नव्यात साधारण १.४ पट. मराठीचा असा एकच ठरलेला गुणक नाही, हे यातून सिद्ध होते. मॉडेल बदलले की गुणक बदलतो. आपल्याकडे ऑपरेटर 'bore oversize yetoy' असे रोमन लिपीत मराठी टाइप करतो, सुपरवायझर देवनागरीत, आणि अलार्मचा मजकूर इंग्रजीत असतो. या मिसळीसाठी कोणताही पाठ केलेला नियम चालणार नाही.

म्हणून मोजमाप यंत्राकडूनच घ्यावे. ओलामा या सॉफ्टवेअरवर मॉडेल चालवले तर त्याच्या एपीआयच्या प्रत्येक उत्तरासोबत दोन आकडे येतात: मॉडेलने वाचलेले टोकन `prompt_eval_count` मध्ये आणि लिहिलेले टोकन `eval_count` मध्ये. पैसे मोजून वापरायच्या सेवाही असेच आकडे वेगळ्या नावांनी देतात. पहिल्या आकड्यात सगळे आलेले असते: सिस्टिम सूचना, जुने प्रश्न, जुनी उत्तरे, शिवाय प्रत्येक संदेशाभोवती सॉफ्टवेअर जोडते ती चार-पाच खुणेची टोकन. सलग दोन फेऱ्यांतल्या या आकड्यांचा फरक म्हणजे संवादाची खरी वाढ.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. समजा विंडो ८१९२ टोकनांची ठेवली आहे, म्हणजे `num_ctx` ची किंमत 8192. टर्निंग सेंटरवर बोअर मोठा येतोय, माप ४२.००० आणि टॉलरन्स फक्त वरच्या बाजूला ०.०२५. सिस्टिम सूचना ६०० टोकनांची आहे. पहिल्या संदेशात माप, टॉलरन्स, इन्सर्टचा ग्रेड, ऑफसेटचा इतिहास असे मिळून ५५० टोकन गेले. पहिल्या फेरीचा प्रॉम्प्ट ११५० झाला. पुढच्या तीन फेऱ्यांना तो १६१०, २०९० आणि २६४० असा वाढला. फरक आले ४६०, ४८०, ५५०. सरासरी जवळजवळ ५००. त्यातले १३५-१४० नव्या प्रश्नाचे आणि बाकीचे आधीच्या उत्तराचे. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: जागा आपल्या प्रश्नांपेक्षा मॉडेलची लांबट उत्तरेच जास्त खातात. आता उत्तरासाठी ८०० टोकन राखून ठेवू. उरलेले बजेट ७३९२.

```python
budget = num_ctx - reserve
turns_left = (budget - last_prompt) // growth
```

७३९२ वजा २६४०, भागिले ५००: साडेनऊ, म्हणजे पूर्ण नऊ फेऱ्या. तेराव्या फेरीपर्यंत निर्धास्त राहता येईल, चौदाव्या फेरीला राखीव जागेला हात लागेल.

पण शॉप फ्लोअरवरचा संवाद असा समान पावलांनी चालत नाही. सहाव्या फेरीला क्वालिटीवाला सीएमएमचा रिपोर्ट चिकटवतो, साठ ओळींचा. आकड्यांचे टोकन फार सुटतात. आजच्या बऱ्याच टोकनायझरमध्ये अंक जास्तीत जास्त तीन-तीनच्या गटात तुटतात, त्यामुळे 42.011 या एका मापाचे 42, टिंब आणि 011 असे तीन तुकडे पडतात. एका ओळीत अशी पाच मापे, चिन्हे, मोकळ्या जागा आणि फीचरचे नाव धरले तर अठ्ठावीस टोकन सहज होतात. साठ ओळींचे साधारण १७०० झाले. पाचव्या फेरीचा प्रॉम्प्ट ३१४० असेल, तर सहाव्याचा ३६४० नाही, ५३४० होतो. तिथून उरतात चार फेऱ्या. तेराव्या फेरीची मर्यादा एका चिकटवण्याने दहाव्यावर आली.

म्हणूनच, सरासरीने भाकीत कसे करणार, सरासरी तर असल्या उडीने मोडते, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर काही जण सर्वांत मोठी वाढ धरून भागाकार करायला सांगतात. मला ते पटत नाही. १७०० ची उडी प्रत्येक फेरीला येणार असे धरले तर उरलेल्या फेऱ्या नेहमी दोन-तीनच दिसतील, आणि सतत वाजणाऱ्या अलार्मकडे कोणी पाहत नाही. त्यापेक्षा दोन खाती वेगळी ठेवावीत. बोलण्याची वाढ सरासरीने धरावी आणि चिकटवायचा मजकूर चिकटवण्यापूर्वी मोजावा. मोजणे सोपे आहे: रिपोर्टच्या दहा ओळी सिस्टिम सूचनेविना कोऱ्या संवादात पाठवायच्या, `num_predict` एकवर ठेवून उत्तर एका टोकनावर थांबवायचे, `prompt_eval_count` वाचायचा आणि ओळींच्या प्रमाणात गुणायचा. एका नमुन्याच्या रिपोर्टसाठी हे एकदा केले की त्या साच्याच्या सगळ्या रिपोर्टना तोच दर चालतो.

दुसरा आक्षेप असा की विंडोच मोठी करा, मोजायची कटकट कशाला. लामा ३.१ हे आठ अब्ज पॅरामीटरचे मॉडेल सव्वा लाखाहून जास्त टोकनांची विंडो झेपवते, हे खरे. पण प्रत्येक टोकनामागे त्याला नेहमीच्या सोळा-बिट मांडणीत १२८ किलोबाइट स्मृती धरून ठेवावी लागते. ८१९२ टोकनांना एक जीबी, पूर्ण विंडोला सोळा जीबी, आणि मॉडेलचे वजन वेगळे. आठ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर हे बसत नाही. काम प्रोसेसरकडे ढकलले जाते आणि उत्तराची वाट पाहावी लागते. शिवाय जागा असली म्हणजे वाचन नीट होते असेही नाही. लांब मजकुराच्या मधोमध पडलेली माहिती मॉडेलकडून जास्त निसटते, असे २०२३च्या 'लॉस्ट इन द मिडल' या शोधनिबंधात दाखवून दिले आहे.

जागा भरल्यावर सॉफ्टवेअर आपोआप जुने काढून टाकते, मग बिघडते कुठे, असेही विचारले जाते. बिघडते ते इथेच. आपल्या उदाहरणात रिपोर्ट चिकटवल्यानंतर अकराव्या फेरीचा प्रॉम्प्ट ७८४० होतो. उत्तराला उरतात ३५२ टोकन, म्हणजे नेहमीचे उत्तरही पुरते मावत नाही. बाराव्या फेरीला प्रॉम्प्ट ८३४० हवा, तो विंडोबाहेर जातो. ओलामा अशा वेळी सिस्टिम सूचना आणि ताजा प्रश्न राखून सर्वांत जुने संदेश गाळते. पहिला गळतो तो ५५० टोकनांचा संदेश, ज्यात ४२.००० आणि एकतर्फी टॉलरन्स होता. पडद्यावर कसलीही सूचना येत नाही. मॉडेल पुढे तितक्याच आत्मविश्वासाने ऑफसेट सुचवते, फक्त आता टॉलरन्स दोन्ही बाजूंना आहे असे समजून सुचवू शकते. हे ओळखण्याची खूण एकच, पण पक्की आहे: ७८४० नंतर ८३४० यायला हवा तिथे ७७९० येतो. संवाद वाढतो आहे आणि वाचलेल्या टोकनांचा आकडा घटला, म्हणजे काहीतरी गळले.

त्यामुळे शिफ्टच्या हँडओव्हर वहीत मशीन नंबर आणि चालू ऑफसेट लिहितो, त्याच ओळीत शेवटचा `prompt_eval_count` आणि उरलेल्या फेऱ्याही लिहाव्यात. फेऱ्या तीनच्या खाली गेल्या की तो संवाद तिथेच थांबवावा; माप, टॉलरन्स, आजवर करून पाहिलेले बदल आणि त्यांचे परिणाम एवढेच स्वतःच्या हाताने लिहून नवा संवाद सुरू करावा. हे टिपण मॉडेलकडून करून घ्यायचे असेल तर ते केव्हा मागावे आणि त्यात काय तपासावे, ते पुढच्या आठवड्यात पाहू.