व्हायवाच्या आधी प्रकरणाचं एक पान

पीएच.डी.च्या प्रबंधावर परीक्षकांचे अनुकूल अहवाल आले, व्हायवाची तारीख ठरली, की बहुतेक विद्यार्थी पॉवरपॉइंट उघडतात आणि प्रकरणातली वाक्यं एकेक करून स्लाइडवर चढवू लागतात. साठ पानांच्या प्रकरणाच्या पंचवीस स्लाइड होतात. प्रकरण लहान झालेलं असतं, पण आपला दावा काय आणि तो कशाच्या जोरावर केला, हे तेवढ्याने हाती लागत नाही. परीक्षक तर नेमकं तेच विचारणार असतात.

एक प्रकरण कल्पनेने समोर घेऊ. विषय आहे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळेतली हजेरी. दिवाळीच्या आसपास आईवडील कोयत्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलं मागे गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं चालतात. विद्यार्थिनीने वसतिगृह असलेली तीन गावं आणि नसलेली तीन गावं निवडली, हजेरीपट तपासले, मे महिन्यात पालकांच्या मुलाखती घेतल्या आणि निष्कर्ष लिहिला: हंगामी वसतिगृहांमुळे हजेरी वाढते.

मुद्दे काढताना प्रबंध मिटून ठेवावा आणि कोऱ्या पानावर आठवणीतून लिहावं: प्रश्न काय होता, काय केलं, काय आढळलं, ते कशावरून म्हणते आणि कुठवर म्हणू शकते. प्रत्येकाला एक-दोन वाक्यं पुरेत. जिथे प्रबंध पुन्हा उघडावासा वाटतो, तिथे प्रकरण अजून स्वतःच्याच डोक्यात पक्कं बसलेलं नाही. आधीच्या संशोधनाचा आढावा या पानावर जवळजवळ नसतो. तो परीक्षकांनी वाचलेला आहे.

आता हे पान परीक्षकाच्या नजरेने वाचायचं. निष्कर्षात कारणाचा दावा आहे, पण हाती असलेला पुरावा तुलनेचा आहे. मग पहिला प्रश्न ठरलेलाच: वसतिगृह असलेल्या गावांत मुळातच शाळा बरी असेल, किंवा मुलांना सांभाळायला आजी-आजोबा घरी असतील, तर हजेरीचं श्रेय वसतिगृहाला का? वसतिगृह सुरू होण्याच्या आधीच्या वर्षांचे हजेरीपट तपासले असतील, तर उत्तर तिथे आहे. नसतील तर दावा खाली आणावा लागेल: या तीन गावांत हजेरी जास्त आढळली. हा बदल व्हायवाच्या दालनात नव्हे, आदल्या आठवड्यात मार्गदर्शकांसमोर बसून करायचा.

दुसरा प्रश्न आकड्यात दडलेला असतो आणि तो सहसा सुटून जातो. समजा, वसतिगृह नसलेल्या गावात शंभर मुलांची नावं होती आणि हंगामात शाळा शंभर दिवस भरली. वीस मुलं पहिल्याच दिवसापासून आईवडिलांबरोबर गेली आणि पटावरून त्यांची नावं कमी झाली. उरलेली ऐंशी मुलं प्रत्येकी सत्तर दिवस आली. ऐंशींवर हिशेब केला तर हजेरी ७० टक्के, मूळ शंभरांवर केला तर ५६ टक्के. प्रकरणात यातला कोणता आकडा आहे? आणि गेलेली मुलं कारखान्याजवळच्या शाळेत बसत नव्हती, हे कशावरून? मुलाखती मे महिन्यात झाल्या, म्हणजे जी कुटुंबं परतलीच नाहीत ती नमुन्यात आलीच नाहीत, हेही याच धाग्यातलं. या एका मुद्द्यातून तीन प्रश्न निघतात, आणि तिन्हींची उत्तरं तक्त्याखालच्या एका तळटीपेवर अवलंबून असतात. ती तळटीप आधी शोधून ठेवावी.

अंदाज बांधण्याआधी एक हुकमी ठिकाण पाहावं, ते म्हणजे परीक्षकांचे अहवाल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रबंध किमान दोन बहिःस्थ परीक्षक तपासतात आणि व्हायवाला त्यांपैकी किमान एक जण असतो. त्यांनी अहवालात जे खटकल्याचं लिहिलं, ते तोंडीही विचारलं जाण्याची शक्यता मोठी. म्हणून अहवालातलं प्रत्येक प्रतिकूल वाक्य त्या पानावरच्या संबंधित मुद्द्यासमोर उतरवून घ्यावं.

उत्तरं मात्र शब्दशः पाठ करू नयेत. प्रश्न थोडा वळवून आला की पाठ केलेलं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं ठरतं. प्रत्येक प्रश्नासमोर थेट उत्तराचं एक वाक्य, पुराव्याचा पान क्रमांक आणि मर्यादेचं एक वाक्य एवढंच लिहावं. उदाहरणार्थ: ‘हजेरी मूळ पटसंख्येवर मोजली आहे, पान १४२ वरचा तक्ता, स्थलांतरानंतर दुसऱ्या शाळेत गेलेली मुलं यात मोजता आलेली नाहीत.’ मग विषयाबाहेरच्या एखाद्या सहकाऱ्याला ते पान देऊन कुठल्याही क्रमाने प्रश्न विचारायला सांगावं, आणि प्रत्येक उत्तराला तक्ता उघडून दाखवावा.