न्हावा शेवा ते रॉटरडॅम : भाडं विचारायचं कसं?

‘रॉटरडॅमचा रेट काय चाललाय?’ द्राक्षाच्या हंगामात मुंबईतल्या फ्रेट फॉरवर्डरचा फोन या एका प्रश्नाने दिवसभर वाजत असतो. तो एक आकडा सांगतो, विचारणारा वहीत लिहून घेतो आणि दुसऱ्याला फोन लावतो. दुसऱ्याचा आकडा दोनशे डॉलरने कमी निघाला की माल त्याच्याकडे जातो. महिन्याभराने बिलं हातात पडतात तेव्हा कळतं, की दोघांनी दोन वेगळ्या गोष्टींचे भाव सांगितले होते. एकाने सगळं धरून सांगितलं होतं, दुसऱ्याने नुसतं समुद्राचं भाडं.

यात फॉरवर्डरची लबाडी असतेच असं नाही. माल किती, कशात, किती थंड, कधी तयार आणि कुठपर्यंत न्यायचा, हे कुणी सांगितलंच नसेल, तर उत्तर देणारा आपल्या सोयीचं गृहीत धरणारच. म्हणून दर मागायचा तो लेखी, मेलवर, आणि तीन-चार फॉरवर्डरना शब्दाचाही फरक न करता तोच मजकूर पाठवून.

पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसचं उदाहरण घेऊ. उदाहरण रचलेलं आहे आणि त्यातले दरही समजण्यापुरतेच आहेत, पण व्यवहार असाच चालतो. ग्राहक नेदरलँड्सचा, सौदा सीआयएफ रॉटरडॅम. म्हणजे तिथल्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा निर्यातदाराच्या माथी. सौदा एफओबी असता तर जहाज ग्राहकाने ठरवलं असतं आणि निर्यातदाराला फक्त इकडच्या बंदरातला खर्च विचारावा लागला असता. त्यामुळे सौद्याची अट मेलच्या पहिल्या ओळीतच हवी. मेल इंग्रजीतच जाते, पण तिचा मजकूर असा :

‘ताजी द्राक्षं, एचएस कोड ०८०६१०००. एक चाळीस फुटी हाय-क्यूब रीफर कंटेनर. २० पॅलेट, ५ किलोचे २,६०० बॉक्स. निव्वळ वजन १३,००० किलो, बॉक्स आणि पॅलेट धरून १५,३०० किलो. तापमान उणे ०.५ अंश सेल्सिअस, व्हेंटचं सेटिंग बुकिंगबरोबर कळवू. कंटेनर पिंपळगाव बसवंतला भरला जाईल. माल १८ फेब्रुवारीला तयार. न्हावा शेवाहून रॉटरडॅम, तिथे २५ मार्चपर्यंत पोचणं आवश्यक.’

यातला प्रत्येक शब्द पैशाशी बांधलेला आहे. नुसतं ‘तेरा टन’ लिहिलं तर बॉक्स आणि पॅलेटचे दोन हजार तीनशे किलो हिशेबाबाहेर राहतात. कंटेनरचं प्रमाणित एकूण वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. २०१६च्या जुलैपासून हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तेव्हा खरं वजन शेवटी बाहेर येणारच, ते आधीच सांगितलेलं बरं.

तापमानाच्या ओळीत तर एका चिन्हावर सगळं अवलंबून आहे. उणे ०.५ मधलं उणे गळून बुकिंगवर अधिक ०.५ पडलं, तरी ते चटकन कुणाच्या नजरेत येत नाही, कारण कंटेनर थंडच असतो. पण प्रवास तीन-चार आठवड्यांचा. तो एक अंशाचा फरक पुढे देठ सुकण्यात आणि बुरशीत दिसतो. म्हणून तापमान अक्षरातही लिहावं : ‘उणे शून्य दशांश पाच’. रिकामा कंटेनर दारात आला की त्याची प्रवासापूर्वीची तपासणी झाल्याचा स्टिकर पाहावा, आणि पडद्यावरचा सेट केलेला आकडा बुकिंगशी ताडून त्याचा फोटो काढून ठेवावा. पिंपळगावहून बंदर दोनशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या वाटेत रीफर चालू ठेवायला ट्रेलरला जनरेटर लागतो. त्याचं भाडं दरात आहे की वेगळं, हेही मेलमध्येच विचारायचं.

आता तारखा. निर्यातदार बहुधा ‘माल तयार’ एवढी एकच तारीख देतो. फॉरवर्डरकडून मात्र निदान चार तारखा काढून घ्याव्या लागतात : रिकामा कंटेनर कधी मिळणार, बंदराचं गेट त्या जहाजासाठी कधी उघडणार, ते कधी बंद होणार म्हणजे कट-ऑफ, आणि जहाज कधी सुटून कधी पोचणार. गेट उघडण्याआधी भरलेला रीफर बंदराच्या दारात पोचला तर तो बाहेर वीज जोडून ठेवावा लागतो आणि त्याचं बिल होतं. कट-ऑफनंतर पोचला तर पुढचं जहाज.

पिंपळगावच्या मेलला दोन उत्तरं आली असं समजू. पहिला म्हणतो, ३,६०० डॉलर. दुसरा म्हणतो, ४,१५० डॉलर. साडेपाचशेचा फरक, निकाल लागलाच म्हणायचा! पण पहिल्याच्या मेलमध्ये खाली बारीक ओळ आहे : इंधन आणि इतर अधिभार वेगळे, ४५० डॉलर. दुसऱ्याचा दर सगळे अधिभार धरून आहे. खरा फरक उरला शंभर डॉलरचा. इकडच्या बंदरातला हाताळणी खर्च दोघांचाही रुपयांत वेगळा आहे, तो सारखाच धरू.

मग तारखा लावून पाहायच्या. पहिल्याचं जहाज २१ फेब्रुवारीला सुटतं, वाटेत कंटेनर दुसऱ्या जहाजावर चढतो, प्रवास ३४ दिवसांचा. पोचण्याची तारीख २७ मार्च, म्हणजे ग्राहकाच्या मुदतीनंतर दोन दिवस. दुसऱ्याचं जहाज २३ला सुटतं, थेट जातं, २८ दिवस घेतं आणि २३ मार्चला लागतं. शंभर डॉलर वाचवून मुदत चुकवायची आणि ग्राहकाला भाव पाडायला निमित्त द्यायचं, यात शहाणपण नाही.

प्रवासाचे दिवस कुणाच्या जुन्या अनुभवावरून धरू नयेत. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बड्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. युरोपची वाट त्यामुळे दहा-बारा दिवसांनी वाढली आणि भाडंही चढलं. २०२४च्या हंगामात नाशिकच्या निर्यातदारांना हे थेट सोसावं लागलं. त्यामुळे जहाज कोणत्या मार्गाने जाणार, हा प्रश्न आज मेलमध्ये हवाच.

दराची मुदतही अशीच पाहायची. ‘१५ फेब्रुवारीपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असेल आणि जहाज २३ला सुटत असेल, तर त्या दराचा काय उपयोग? मुदत बुकिंगच्या दिवशी मोजणार, कंटेनर बंदरात शिरेल त्या दिवशी, की जहाज सुटेल त्या दिवशी, हे फॉरवर्डरकडून लेखी घ्यावं. कंपन्या महिन्याच्या एक किंवा पंधरा तारखेला दर बदलतात, आणि वाद नेमका या दोन-चार दिवसांवरून होतो.

रॉटरडॅमला कंटेनर किती दिवस फुकट ठेवता येईल, हेही दराबरोबरच ठरवून घ्यायचं. ते दिवस संपले की रोजचा आकार सुरू होतो, रीफरला विजेचा खर्च वेगळा. मालाचा नमुना तपासणीत अडकला तर शंभर डॉलरचा फायदा दोन दिवसांत उडून जातो.

आणि दर मिळाला म्हणजे जागा मिळाली असं नाही. जवळजवळ प्रत्येक दरपत्रकाच्या तळाशी ‘जागा आणि कंटेनर उपलब्ध असल्यास’ हे शब्द असतातच. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांनाच रीफर हवा असतो. म्हणून माल तयार होण्याच्या निदान दोन आठवडे आधी मेल पाठवावी, दर पटला की त्याच दिवशी बुकिंग मागावं, आणि जहाजाचं नाव व कट-ऑफ लिहिलेला बुकिंग नंबर हाती येईपर्यंत तोडणीचा दिवस पक्का करू नये.