बारशाची पत्रिका, कार्यक्रम आणि पाळणा : घरच्या घरी, मोजक्या माणसांत



निमंत्रण पत्रिका हा घटक शिकवताना मी दरवर्षी मुलांना बारशाची पत्रिका लिहायला देते. निम्मा वर्ग एकच चूक करतो. 'आमच्या चि. अमुकच्या बारशाला यावे' असं लिहून मोकळा होतो. मी विचारते, "अरे, नाव आधीच छापलंत, मग आत्या कानात काय सांगणार?" मुलं हसतात, पण मुद्दा लक्षात राहतो. लग्न, वास्तुशांती, वाढदिवस या सगळ्या पत्रिकांत ज्याचं कार्य त्याचं नाव सर्वांत मोठ्या अक्षरात असतं. बारशाच्या पत्रिकेत मात्र ते नसतं, कारण ते अजून ठेवलेलंच नाही. म्हणून या पत्रिकेत बाकी कुणाकुणाची नावं घालायची, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा होतो.

मागे आमच्याच घरी, कवठे महांकाळला, माझ्या भाचीचं बारसं झालं. मी आत्या नव्हे, मावशी. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून माझ्या वाट्याला लिहायचं काम आलं. पत्रिका, कार्यक्रम आणि पाळणा तिन्ही मीच लिहिलं. त्यात काय काय ठरवावं लागलं, ते खाली क्रमाने सांगते.

१. बारावा दिवस कसा मोजायचा?

बारसं हा शब्दच बारा या संख्येवरून आलेला. पण मोजताना घोळ होतो. बाळ ४ तारखेला झालं. दाजींनी ४ मध्ये १२ मिळवले आणि १६ तारीख धरली. जन्माचा दिवस पहिला धरायचा असतो, म्हणजे चारमध्ये अकराच मिळवायचे. बारावा दिवस १५ तारखेला येतो. आमचा १५ ला रविवार आला, ते सोयीचंच झालं. बाराव्या दिवशी जमलं नाही तर बरेच जण सव्वा महिन्यानं किंवा तिसऱ्या महिन्यात करतात. तसं असेल तर पत्रिकेत 'बाराव्या दिवशी' हे शब्द ठेवू नयेत, नुसती तारीख द्यावी.

२. यादी : कुणाला बोलवायचं?

आमच्या माजघरात पाळणा टांगला की त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ-दहा बायका उभ्या राहतात, जास्त नाही. बाळ बारा दिवसांचं, बाळंतीण अजून अशक्त. म्हणून पंचवीस माणसं ठरली. पण आपल्याकडे आवतण म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक घराला. मग कापायचं कुणाला? आम्ही उलटं केलं. आधी कामं लिहिली, मग त्या कामांची माणसं लिहिली. नाव ठेवणारी आत्या, पाळण्याच्या दोन बाजूंच्या दोघीदोघी, ओटी भरणारी, पाळणा म्हणणाऱ्या तिघी, दोन्हीकडचे आजी-आजोबा, घुगऱ्या बघणारी मामी. यादी आपोआप आटोक्यात आली.

अडचण एकाच नावावर आली. पणजी. बाळाच्या आईला लहानपणी पाळण्यात झोपवणारी तीच, आणि पाळण्याची गाणी पाठ असणारीही घरात तीच एकटी. पण ती विधवा. आमच्याकडे पाळण्याशी सवाष्णीच उभ्या राहतात, असं एक-दोघींनी हळूच सुचवलं. पणजी स्वतःच म्हणाली, "मी मागं बसून म्हणीन गं." बहिणीने तिथेच थांबवलं. आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर राज्य शासनानेही तोच आदर्श घ्या, असं सर्व ग्रामपंचायतींना कळवलं. गावानं ठरवलं ते घरात का नको, हा बहिणीचा सवाल होता. कार्यक्रमाच्या कागदावर पाळण्याची पहिली दोरी पणजीच्या नावावर लिहिली गेली. लिहिलेलं असल्यामुळे त्या दिवशी कुणी वाद घातला नाही. तोंडी ठरवलं असतं तर ऐनवेळी तिला मागे बसावं लागलं असतं, असं मला वाटतं.

३. पत्रिका

बारसं आजोळी होतं, म्हणून निमंत्रक आजी-आजोबा. ही पत्रिका आम्ही छापली नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि जवळच्यांना फोन केला. मजकूर असा होता :

॥ श्री ॥
स. न. वि. वि.
आमची कन्या सौ. ............ व जावई श्री. ............ यांना कन्यारत्न झाले. तिचे बारसे रविवार, दि. १५ रोजी सकाळी १०.३० वाजता आमच्या राहत्या घरी करायचे आहे. पाळणा ११ वाजता.
जागा लहान आणि बाळ त्याहून लहान, म्हणून मोजक्या घरच्या माणसांतच कार्यक्रम ठेवला आहे. आपण त्यांपैकी आहात. अवश्य यावे.
आहेर आणू नये. बाळासाठी एक ओळीचा आशीर्वाद लिहून आणावा.
आपले, (आजी व आजोबा)
स्थळ : कवठे महांकाळ, ता. कवठे महांकाळ, जि. सांगली

यातल्या तीन गोष्टी मुलांना मुद्दाम दाखवा. एक, आईचं नाव आधी आणि स्पष्ट आहे. कित्येक पत्रिकांत आजोबा, वडील, काका सगळे असतात आणि जिने जन्म दिला ती नुसती 'सौ.' होऊन राहते. दोन, कार्यक्रमाची वेळ आणि पाळण्याची वेळ वेगळी दिली आहे. नुसतं 'सकाळी' लिहिलं की माणसं बारा वाजता येतात आणि नाव ठेवून झालेलं असतं. तीन, 'आपण त्यांपैकी आहात' या तीन शब्दांनी पाहुण्याला कळतं की सोबत आणखी चारजण आणायचे नाहीत, आणि राग येत नाही. ज्यांना बोलावता आलं नाही, त्यांना आम्ही वेगळा निरोप दिला : सव्वा महिन्यानंतर बाळाला बघायला जरूर या.

४. कार्यक्रम

वेळ बाळाच्या दुधावर बांधायची. एवढं लहान बाळ दोन-तीन तासांनी पितं. म्हणून दूध पाजून झालं की अर्ध्या तासानं पाळणा, असं धरलं.

१०.०० बाळाला दूध, मग कुंची-टोपडं, तीट
१०.३० पाहुण्यांना पाणी, हळदीकुंकू. आईची व बाळाची ओटी
११.०० पाळण्याची पूजा, वरवंटा पाळण्यात, मग बाळ
११.१० आत्या कानात नाव सांगते, पाळणा
११.३० नाव सर्वांना सांगणे, आशीर्वादाच्या चिठ्ठ्या
११.४० घुगऱ्या वाटप. बाळ-बाळंतीण आतल्या खोलीत
१२.०० जेवण

गोविंद-गोपाळ अशी नावं घेत पाळण्याच्या खालून-वरून बाळ देण्या-घेण्याची रीत आहे. बारा दिवसांच्या बाळाची मान सावरत नाही. म्हणून आम्ही वरवंट्याला टोपडं घालून त्याचीच देवघेव केली, आणि बाळ फक्त एकदा, मानेखाली हात ठेवून, आईच्या हातून आत्याच्या हाती दिलं. पाळण्याची दोरी आणि वरचं कडं आदल्या दिवशी तपासलं, त्यात पाण्यानं भरलेली कळशी ठेवून हलवून बघितलं.

घुगऱ्यांचा हिशेब मुलांना गणितात देता येतो. माणशी ५० ग्रॅम कोरडे हरभरे धरले तर २५ जणांना १२५० ग्रॅम, म्हणजे बरोबर सव्वा किलो. रात्री भिजत घालायचे. सकाळी भिजवले तर अकरापर्यंत नीट शिजत नाहीत, मध्ये कडक राहतात.

५. पाळणा आणि नावाची जागा

पाळणा लिहिताना खरी अडचण नावाची. नाव तर गुपित. मलाही ते माहीत नव्हतं, आत्याला आणि आईबाबांनाच ठाऊक. मग शेवटच्या कडव्यात मी त्याची जागा रिकामी ठेवली. प्रत्येक ओळ आठ अक्षरांची ठेवली, म्हणजे कोणतीही साधी चाल बसते. एकीने कडवं म्हणायचं, सगळ्यांनी धृपद.

हल रे पाळण्या हळू ॥धृ॥

अग्रणीच्या काठावर
उतरली चिमणी गं
तिच्या पायी उजळली
आजोळची ओसरी गं ॥१॥

वेलीवर घड नवा
जपायचा उन्हातनं
आई तिची जपे तिला
पदराच्या सावलीनं ॥२॥

आत्या आली कानापाशी
सांगायाला एक गूज
(.... ....) नाव तुझं
ठेवतो गं आम्ही आज ॥३॥

तिसऱ्या ओळीत 'नाव तुझं' ही चार अक्षरं आहेत, म्हणजे नावाला चार उरतात. नाव चार अक्षरी असेल तर सरळ बसतं : 'अनुराधा नाव तुझं'. तीन अक्षरी असेल तर 'गं' जोडायचा : 'सायली गं नाव तुझं'. दोन अक्षरी असेल तर दोनदा म्हणायचं : 'रेवा रेवा नाव तुझं'. मुलगा असेल तर 'गं'च्या जागी 'रे' घ्या आणि 'चिमणी', 'उतरली', 'तिच्या', 'तिची', 'तिला' हे शब्द बदला. पाचवीच्या मुलांना अक्षरं मोजायला हा खेळ फार आवडतो. आपापलं नाव बसवून दाखवतात.

त्या दिवशी आत्यानं कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घातले, आणि पणजीनं तिसऱ्या कडव्यात नाव घालून म्हटलं. घरातल्या पंचवीस माणसांनी ते नाव पहिल्यांदा तिच्या आवाजात ऐकलं.

६. नाव कागदावर

पहिलीच्या प्रवेशाला आलेल्या काही दाखल्यांवर नावाची जागा कोरी असते, काहींवर घरी हाक मारायचं नाव असतं. याचं मूळ बारशाच्या दुसऱ्या दिवसात आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. ती नावाशिवाय होते, आणि नाव नोंदल्यापासून १२ महिन्यांत विनाशुल्क घालता येतं. दवाखान्यातून नोंद गेली म्हणजे नावही गेलं असं समजून पालक थांबतात आणि मग ते राहूनच जातं.

दुसरी गोष्ट क्रमाची. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी राज्य शासनाने क्रम ठरवून दिला आहे : बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. म्हणून बारशाच्या दिवशीच एका कागदावर हे चारही शब्द मराठीत आणि इंग्रजीत, एकाच स्पेलिंगने लिहून आई-वडील दोघांनी बघावेत. आम्ही तो कागद आशीर्वादाच्या चिठ्ठ्यांसोबत पाकिटात ठेवला आणि सोमवारी दाजी तोच घेऊन नोंदणीला गेले.

वर्गासाठी : वरची पत्रिका मुलगा झाला आहे आणि बारसं वडिलांच्या घरी आहे असं धरून पुन्हा लिहायला द्या. निमंत्रक कोण, 'कन्या-जावई'च्या जागी काय, आणि आईचं नाव कुठे येतं, हे मुलांना स्वतः ठरवू द्या.