‘more’च्या अलीकडे

मार्च उजाडला की इन्स्टाग्रामवर हापूसच्या पेट्या दिसायला लागतात. फोटो बहुतेक सारखेच असतात: गवतात मांडलेली केशरी फळं, मागे लाकडी पेटी. फोटोखालचा मजकूरही साधारण असाच: ‘🙏 नमस्कार मंडळी! दरवर्षीप्रमाणे यंदाही आपल्या सर्वांच्या आग्रहास्तव आम्ही घेऊन आलो आहोत…’ आणि इथेच मजकूर तुटतो. पुढे ‘more’ हा बारीकसा शब्द. काय घेऊन आलात, केवढ्याला, कुठे पोचवणार, हे सगळं त्या शब्दाच्या पलीकडे राहतं. अंगठा तोवर पुढच्या फोटोवर गेलेला असतो.

इन्स्टाग्राम फोटोखाली २,२०० कॅरॅक्टरपर्यंत लिहू देतं, पण फोनवर दिसतात त्या जेमतेम दोन ओळी. रीलवर तर एखादीच. त्या दोन ओळीही पूर्ण आपल्या नसतात. पहिलीच्या सुरुवातीला खात्याचं नाव बसतं, दुसरीच्या शेवटी ‘more’. खात्याचं नाव लांबलचक असेल, तर पहिली ओळ अर्धी तिथेच संपते. नमस्कारानंतर एक ओळ मोकळी सोडायची हौस असेल, तर दुसरी ओळही गेली.

ही सवय पत्रातून आली असावी. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, मग मजकूर. पत्र उघडणारा ते शेवटपर्यंत वाचणारच होता, म्हणून ते चालायचं.

आता पहिली दुरुस्ती बहुतेक जण करतात ती अशी: ‘अस्सल देवगड हापूस पेटी उपलब्ध. संपर्क करा.’ नमस्कार गेला, पण हाती फारसं काही लागलं नाही. आंबे आहेत हे फोटोतच दिसतंय. ‘अस्सल’ तर सगळेच म्हणतात. आणि ‘पेटी’ या शब्दावरून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही, कारण फळ मोठं असेल तर पेटीत चार-पाच डझन बसतात आणि लहान असेल तर त्याहून जास्त. म्हणून दोन पेट्यांच्या भावांची तुलना करताच येत नाही. डझन लिहिले की येते. फोटो जे सांगू शकत नाही तेच त्या दोन ओळींत लिहायचं: किती, केवढ्याला, कुठे, कधीपर्यंत. उदाहरणादाखल भाव धरून:

‘देवगडचा हापूस, ५ डझन २,५०० रुपये, पुण्यात घरपोच. शनिवारपर्यंत नोंदवा.’

नाशिकचा माणूस हे वाचून पुढे जाईल, आणि जाऊ दे. पुण्यातला थांबेल. फळाचं वजन, पिकायला किती दिवस, भौगोलिक मानांकनाचा तपशील, बागेची गोष्ट, नमस्कारसुद्धा, हे सगळं खाली खुशाल येऊ दे. ‘भावासाठी मेसेज करा’ हे मात्र मला पटत नाही. हंगामात गिऱ्हाईक दहा विक्रेते चाळत असतं. ते विचारत बसत नाही, भाव दिसतो तिकडे जातं. ‘एक आनंदाची बातमी…’ अशी उत्सुकता ताणण्याचंही तेच. गोष्ट सांगायची असेल तर ठीक, आंबे विकायचे असतील तर नाही.

लांबी किती ठेवावी? जाणकार १२५ कॅरॅक्टर हा आकडा सांगतात, पण तो रोमन लिपीवरून आलेला आहे. देवनागरीत तो फसवतो. ‘पुण्यात’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो. संगणक तो सात मोजतो, कारण काना, उकार, हलन्त सगळे वेगळे धरले जातात. वरची आंब्याची दोन वाक्यं अशा मोजणीने ६९ होतात. ही मोजणी गूगल प्लेवर ॲपचं छोटं वर्णन लिहिताना उपयोगी पडते, कारण तिथे ८० ची सक्त मर्यादा आहे. इन्स्टाग्रामच्या दोन ओळी मात्र रुंदीवर तुटतात. तिथे उकार शब्दाखाली जातो आणि जागा खात नाही, काना खातो. तेव्हा मोजत बसू नका, बघा. घरातल्या सगळ्यात लहान पडद्याच्या फोनवर बघा. आणि ज्येष्ठांनी अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात त्या फोनवरही, कारण पेटी मागवणारे बरेचदा तेच असतात. तिथे ‘शनिवारपर्यंत’ तुटला तरी चालेल. भाव आणि गाव तुटता कामा नये.

ओळी जमल्या की नाही हे खालच्या प्रतिक्रियांवरून कळतं. ‘भाव?’, ‘पुण्याला मिळेल का?’ असे प्रश्न येत असतील आणि त्यांची उत्तरं मजकुरात आधीच असतील, तर ती ‘more’च्या पलीकडे अडकली आहेत. मजकूर नंतरही बदलता येतो, फोटो पुन्हा टाकावा लागत नाही. उत्तर उचलून वर आणा. माल संपला की त्याच जागी, अगदी पहिला शब्द म्हणून, ‘संपले’ लिहा आणि पुढची खेप कधी येणार ती तारीख टाका.